९५ मिनिटांतली खरी मिनिटं

तिकीट काढताना दोन विमानांच्या मध्ये ९५ मिनिटं दिसली आणि मी निर्धास्त झालो. दीड तास म्हणजे आरामात हातपाय मोकळे होतील, असा विचार. पहिलं विमान सकाळी १०:०५ ला युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरणार होतं, दुसरं ११:४० ला तिथूनच सुटणार होतं. फक्त टर्मिनल वेगळं होतं, आणि या 'फक्त'नेच पुढे माझी धावाधाव केली.

पहिली चूक मोजण्यातच होती. ११:४० ही विमान हलण्याची वेळ. गेट त्याआधी बंद होतं, माझ्या बोर्डिंग पासवर ते २० मिनिटं आधी असं छापलेलं होतं. म्हणजे माझी शेवटची वेळ ११:२०. ९५ मधली २० मिनिटं मुळात माझी नव्हतीच.

दुसऱ्या टोकाची मिनिटंही अशीच गळतात. आमची चाकं १०:१२ ला टेकली, पण विमान धावपट्टीवरून वळणं घेत जागेवर येऊन दार उघडेपर्यंत १०:२४ झाले. मी ३८ व्या रांगेत. पुढची सगळी मंडळी वरच्या कप्प्यांतून बॅगा ओढून बाहेर पडेपर्यंत १०:३६. राहिली ४४ मिनिटं, आणि मी अजून विमानाच्या दारातच.

तिथून पुढे पाट्यांवर लक्ष ठेवावं लागतं. बहुतेक लोक 'सामान' आणि 'बाहेर' या पाट्यांच्या मागे जातात आणि आपणही गर्दीबरोबर वाहवत जातो. तसं गेलात तर इमिग्रेशनपाशी पोहोचता. आपल्या पासपोर्टवर तिथे व्हिसा नसेल तर अडलातच, आणि असला तरी बाहेर पडून दुसऱ्या टर्मिनलला पुन्हा पहिल्यापासून आत शिरावं लागतं. आपल्याला हवी असते ती पुढच्या विमानांची, म्हणजे 'कनेक्शन्स'ची पाटी. हीथ्रोवर ती जांभळी असते, त्यामुळे चटकन सापडते. बसही दोन प्रकारच्या असतात. एक बाहेरच्या रस्त्यावरून फिरणारी, कोणालाही चालणारी. दुसरी आतल्या आत, विमानं उभी असतात त्या भागातून जाणारी. आपली ती दुसरी.

(हे सगळं एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तेव्हाचं. दोन स्वतंत्र तिकिटं काढली असतील तर सामान बहुधा मध्येच घ्यावं लागतं, म्हणजे बाहेर पडणं आलंच. शिवाय पुढचं विमान चुकलं तर ती जबाबदारी सहसा आपली. एका तिकिटावर मात्र कंपनीला पुढची सोय करावी लागते. मी दोन पैसे वाचवायला एकदा तो उद्योग केला आहे, पुन्हा करणार नाही.)

बसच्या दारापाशी बोर्डिंग पास स्कॅन होतो. मी १०:४४ ला पोहोचलो आणि समोरून बस निघून गेली. पुढची आली १०:५३ ला. बसची वेळ मोजताना आपण प्रवास मोजतो, थांबणं विसरतो. प्रवास १२ मिनिटांचा झाला. नकाशावर ती दोन टर्मिनल्स जवळजवळ चिकटलेली दिसतात, पण बस सरळ जात नाही. आतल्या रस्त्यांवर वेग कमी ठेवावा लागतो, आणि वाटेत विमान आडवं येत असेल तर थांबायचं ते बसनेच. आमची बस एका महाकाय शेपटाखाली उभी राहिली आणि ते विमान सावकाश समोरून गेलं. एरवी मी फोटो काढला असता.

बसमध्ये शेजारी एक मराठी जोडपं होतं. काकूंच्या मांडीवर ड्यूटी फ्रीची पारदर्शक पिशवी, आत अत्तराची मोठी बाटली. पिशवीचं सील मात्र फाटलेलं.

"काकू, ही उघडली का तुम्ही?"

"अरे, विमानात एकदा वास घेऊन बघितला फक्त. का रे?"

काय सांगणार? पुढे पुन्हा तपासणी होती. २००६ साली लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. हातातल्या सामानातल्या द्रवावरची १०० मिलीलिटरची मर्यादा त्यानंतरची. काही विमानतळांनी आता नव्या स्कॅनरमुळे ती सैल केली आहे, पण तिथे ती लागू होती. सीलबंद पिशवी आणि आत दिसणारी पावती असेल तरच मोठी बाटली पुढे जाऊ शकते. सील शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडायचं नसतं.

"पण आम्ही निघताना तपासणी झालीय ना सगळी!" काका म्हणाले.

प्रश्न रास्त आहे. पण उतरलेल्या टर्मिनलला निघालेल्या जागेची तपासणी मान्य असेल तरच ती पुन्हा होत नाही. युरोपीय संघ अमेरिका, कॅनडा, सिंगापूर अशा काही देशांची तपासणी आपल्या तोडीची मानतो, तिथून आलेले साधारणपणे सुटतात. बाकीच्यांनी पुन्हा पट्टा काढायचा.

सिक्युरिटीच्या रांगेत मी ११:०७ ला लागलो. तिथे माझ्या लक्षात आलं, की माणसांची रांग फसवी असते. खरी रांग ट्रेची. स्कॅनरमधून ट्रे बाहेर आला की पट्टा दोन वाटांना फुटतो. सरळ आला तर उचला आणि चला. बाजूच्या वाटेला वळला तर कर्मचारी उघडून बघणार, आणि तुमच्या आधी वळलेले सगळे ट्रे संपल्याशिवाय तुमचा नंबर नाही. म्हणून रांग निवडताना मी आता माणसं मोजत नाही, बाजूला साचलेले ट्रे मोजतो. जुन्या स्कॅनरवर ट्रे वळायचं नेहमीचं कारण म्हणजे एकावर एक आलेल्या वस्तू. लॅपटॉपखाली पॉवर बँक, त्यावर चार्जरच्या वायरींचं भेंडोळं असा गठ्ठा पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो.

मी उतरण्याआधीच विमानात खिसे रिकामे करून सगळं बॅगेत टाकलं होतं आणि द्रवांची पिशवी वरच ठेवली होती. एका कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून वेळ सांगितली, तिने मला पुढे सोडलं. रांगेतल्या लोकांना विनवण्यापेक्षा हे बरं. माझा ट्रे सरळ आला. काकूंचा वळला. मागे वळून पाहिलं तेव्हा बाटली टेबलावर होती आणि काका 'तरी सांगत होतो' अशा चेहऱ्याने उभे होते. त्यांच्या विमानाला अजून दोन तास होते, एवढंच बरं.

बाहेर पडलो तेव्हा ११:१६. गेट सात मिनिटं लांब, म्हणजे ११:२३. तीन मिनिटं उशीर. पण दारातल्या बाईंनी माझं आडनाव धापा टाकायच्या आतच उच्चारलं. मागून येणारे प्रवासी कोण, हे त्यांच्या पडद्यावर असतं. शिवाय प्रवासी आला नाही तर त्याची चढवलेली बॅगही पोटातून शोधून उतरवावी लागते. १९८८ मध्ये लॉकरबीवर विमान पडलं ते अशाच मालकाविना चढलेल्या बॅगेतल्या बॉम्बमुळे, आणि त्यानंतर हा नियम कडक झाला. ती शोधाशोध करण्यापेक्षा दोन-तीन मिनिटं थांबणं कधीकधी सोपं पडतं. त्या दिवशी ते थांबले.

मुक्कामी पोहोचल्यावर कळलं, की माझ्या बाबतीत उतरवायला काही नव्हतंच. बॅगेलाही टर्मिनल बदलावं लागतं, तिचाही स्कॅनर असतो, आणि ती धावू शकत नाही. सामानाच्या खिडकीवर तक्रार लिहिली, नंबर घेतला. त्या नंबराचा कागद आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेली सामानाची पट्टी, दोन्ही जपून ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी बॅग दारात आली. मी तिच्याशिवाय गेलो होतो, ती माझ्याशिवाय आली. चूक कंपनीकडून झाली असेल तर तपासून बॅगेला तसं एकटं पाठवता येतं. हँडलला एक नवी पट्टी लटकत होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रश'.