एका बाजूचे वस्ताद

तालमीच्या वस्तादांचा अर्धपुतळा करायचं काम आलं तेव्हा समितीने एकच फोटो दिला. मैदानात कुस्ती बघत बसलेले, पूर्ण कडेने टिपलेले, डोक्याला काळी टोपी. समोरून एकही फोटो नाही. या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसायचाच कंटाळा, असं सगळे कौतुकाने सांगतात. पुतळा करणाऱ्याला त्या कौतुकाचा काही उपयोग नसतो.

बाहेरच्यांना वाटतं, कडेचा फोटो म्हणजे अर्धं काम झालं. एका अर्थी खरं आहे. कपाळ, नाकाचा उंचवटा, ओठ, हनुवटी, सगळ्याची उंची आणि पुढेमागे असणं त्यातून चोख मिळतं. मिळत नाही ती रुंदी. गालफडं किती रुंद, डोळ्यांमध्ये अंतर किती, तोंड केवढं, यातलं काहीही कडेने दिसत नाही. चेहऱ्याच्या दोन बाजूंतला फरक तर नाहीच नाही. आणि पैलवानाचा चेहरा ओळखू येतो तो त्या फरकावरच.

हात लावायच्या आधी फोटो तपासला. नाकाच्या मुळापुढे पलीकडच्या भुवईचे दोन-चार केस डोकावत होते. म्हणजे मान आपल्याकडे किंचित वळलेली. अशा वेळी भुवयांपाशी जी कड दिसते ती चेहऱ्याच्या मधोमधची नसते, पलीकडच्या भुवईच्या हाडाची असते. ती तशीच मातीत उतरवली तर कपाळ फुगतं. तेवढी कड मागे घेतली.

मग लक्षात आलं की शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे. बटणपट्टीही उलटी, बायकांच्या ब्लाऊजला असते तशी. फोटोच पालटलेला होता. चौकशी केली तर समितीतल्या एकाने बिनदिक्कत सांगितलं, "फ्लेक्सवर सायबांच्याकडं तोंड पायजे हुतं, म्हणून फिरवून घेतला." मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. कोल्हापुरात फ्लेक्सपायी काय काय उलटंपालटं होतं, यावर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच, की फोटोत जो मोडलेला कान उजवा दिसत होता, तो खरा डावा. कुणी खिशाकडे बघितलं नसतं तर पुतळ्याचा भलताच कान मोडला असता.

आता रुंदी. मुलाने घरातून वस्तादांची टोपी आणून दिली, फोटोतलीच, पुढच्या टोकाजवळ शिवण उसवलेली. या टोपीने मला जेवढं दिलं तेवढं सगळ्या समितीने मिळून दिलं नाही. टोपीच्या पुढच्या टोकाची उंची हातात मोजली, फोटोत मोजली, आणि फोटोचं माप हाती आलं. पुढचंच टोक घ्यायचं, कारण ते चेहऱ्याच्या मधल्या रेषेवर असतं. अलीकडचा कान कॅमेऱ्याला साधारण ८ सेंटिमीटर जवळ. फोटो २ मीटरवरून काढला असेल तर कान ४ टक्के मोठा दिसणार. नाकाच्या मापाने कान केला की तो अडीच-तीन मिलिमीटर वाढतो आणि बघणाऱ्याला नुसतं वाटत राहतं, काहीतरी चुकलंय.

त्या मापाने डोक्याची लांबी आली १९.५ सेंटिमीटर. टोपीचा आतला घेर ५६. डोकं वरून लंबगोल धरलं तर घेराला ३.१४ ने भागून दुप्पट करायचं, ३५.७ येतात. त्यातून लांबी वजा केली की रुंदी उरते, १६ च्या थोडी वर. चांगलं रुंद डोकं. पण ही कवटीची रुंदी झाली, गालफडांची नव्हे. ती साधारणपणे दीड-दोन सेंटिमीटर कमी असते. मी १४.२ धरली. इथपर्यंत हिशोब होता. इथून पुढे अंदाज.

अंदाजाचे ठोकताळे आम्हा सगळ्यांना पाठ असतात. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा. नाकपुड्यांची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांएवढी. ओठांचे कोपरे बुबुळांच्या आतल्या कडेखाली. हे बहुतेकांना थोडंफार लागू पडतं, आणि म्हणूनच त्यातून कुणा एकाचा चेहरा होत नाही. डावी बाजू फोटोवरून केली, उजवी तिची प्रतिमा म्हणून बसवली, कॅलिपरने दोन्हीकडे सारखी मोजली. मुद्दामच, आधी सरधोपट उभं करून मग माणसांना दाखवावं म्हणून.

जुने पठ्ठे आले. डावीकडून बघितलं आणि एकाने सरळ हात जोडले. समोर आले आणि गप्प झाले. मग त्यातले थोरले म्हणाले, "मूर्ती झ्याक हाय. पर वस्ताद न्हाईत ह्ये."

का नाहीत, हे मात्र कुणाला सांगता येईना. हा नेहमीचाच अनुभव. 'डोळ्यांत पाणी नाही', 'तेज नाही' असलं काहीतरी लोक सांगतात आणि आपण त्यातून मिलिमीटर काढायचे. त्यामुळे मी 'कसा होता' विचारतच नाही, 'काय करायचे' ते विचारतो. नाकाचं हाड मोडलेलं हे कडेच्या उंचवट्यावरून कळतं, पण ते कुठल्या अंगाला कललं होतं? पठ्ठ्यांत एकमत नाही. काकूंनी मात्र सांगितलं, की झोपेत एकच नाकपुडी वाजायची, उजवी. चोंदलेली नाकपुडी कुठली आणि हाड कुठे कललेलं, यांचा मेळ दरवेळी बसतोच असं नाही. तरी मी नाकाचा मधला भाग उजवीकडे दोन मिलिमीटर सरकवला. चेहरा एकदम जागा झाला. खरा झाला का, ते मला आजही सांगता येणार नाही.

उजव्या कानावरून तर भांडण लागलं. एक म्हणे दोन्ही मोडलेले, दुसरा म्हणे एकच. मुलाला विचारलं, फोन कुठल्या कानाला लावायचे? त्याने क्षणभर स्वतःचा हात वर नेऊन बघितला. "उजव्या. डाव्यानं कमी यायचं." मोडलेल्या कानाचं भोक आक्रसतं, त्यामुळे हे पटण्यासारखं होतं. उजव्या कानाची वरची कड थोडी जाड ठेवली, बाकी शाबूत.

तोंडाची रुंदी शेवटपर्यंत हाती लागली नाही. डोळ्यांतलं अंतरही नाही. चष्मा असता तर त्याच्या भिंगांवरून काढलं असतं. म्हातारा शेवटपर्यंत बिनचष्म्याचा. मुलाचं अंतर मोजून बघितलं, पण मुलगा आईवर गेलाय.

मग शिल्पकाराकडे असते ती शेवटची वाट धरली. खांदे सरळ ठेवून मान त्यांच्या उजवीकडे १५ अंश वळवली. समोर उभ्या माणसाला डावी बाजू जास्त दिसते, म्हणजे फोटोने दिलेली. नाक, गाल आणि मोडलेला कान एका नजरेत येतात, आणि अंदाजाने केलेली बाजू थोडी आत वळते. पठ्ठे पुन्हा आले तेव्हा थोरल्यांनी समोरूनच मान डोलावली. उजवीकडे मात्र कुणी फार वेळ थांबलं नाही, हे मी बघून ठेवलं.

समितीचं म्हणणं, मान सरळ करा, हार घालतानाचा फोटो समोरून निघतो आणि वस्ताद पाहुण्यांकडे बघत नाहीत असं दिसतं. मी त्यांना लेखी कळवलंय, की मान सरळ हवी असेल तर समोरून काढलेला एक फोटो आणून द्या, कुठल्याही लग्नातला, गर्दीतला, नखाएवढा असला तरी चालेल. उत्तर अजून आलेलं नाही. शाडूवर रोज पाणी मारतोय.