हजारांवर सदस्य असलेले टेलिग्राम चॅनल काढून टाकताना

इंदूरमधील मराठी नाटके, व्याख्याने आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम यांच्या सूचना देणारे एक टेलिग्राम चॅनल मी काही वर्षे चालवीत होतो. सदस्यसंख्या १,८०० च्या आसपास पोहोचली होती. पुढे बहुतेक मंडळी व्हॉट्सॲपवरच असल्याने तेथे नवे चॅनल उघडले आणि जुने केवळ बंद न ठेवता पूर्णपणे काढून टाकण्याचे ठरविले. त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. आदल्या वर्षीच्या सूचना कोणीतरी पुढे पाठवी आणि राजवाड्याजवळच्या एखाद्या सभागृहाच्या बंद दारापाशी चार ज्येष्ठ श्रोते जाऊन उभे राहत.

चॅनल काढण्याचा अधिकार फक्त मालकाला असतो, इतर ॲडमिनना नाही. मी मालक असूनही संगणकावरील टेलिग्राममध्ये Delete channel हा पर्याय मला दिसेना. शोधाअंती कळले की १,००० हून अधिक सदस्य असलेले चॅनल असे थेट काढता येत नाही. प्रोग्रॅमरांसाठीच्या टेलिग्रामच्या दस्तऐवजात या नकाराचे नावच CHANNEL_TOO_LARGE असे आहे, आणि ही मर्यादा बदलू शकते असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे आधी निम्म्याच्या आसपास लोक कमी व्हायला हवे होते, आणि तेही नवा पत्ता मिळाल्यावरच.

येथे दुसरी अडचण अशी की चॅनलच्या ॲडमिनला सदस्यांची पूर्ण यादी दिसत नाही, अलीकडचे २०० जणच दिसतात. फोन नंबर तर मिळतच नाहीत, त्यामुळे एकेकाला कळविण्याचा प्रश्नच नव्हता. जे सांगायचे ते चॅनलवरच सांगणे भाग होते. मी लिहिलेली सूचना अशी होती: ‘हे चॅनल ३१ मार्चला कायमचे काढले जाईल. यापुढील सूचना व्हॉट्सॲप चॅनलवर मिळतील, दुवा खाली आहे. तेथे आपला नंबर इतर सदस्यांना दिसणार नाही. तेथे आल्यावर कृपया हे चॅनल सोडावे.’ दुवा चित्रावर न छापता मजकुरातच दिला, कारण चित्रातल्या दुव्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. सूचना वर पिन केली, चॅनलच्या वर्णनातही तोच दुवा घातला आणि नेहमीच्या कार्यक्रमांच्या सूचना देणे थांबविले, नाहीतर लोकांना जागा बदलण्याची निकड वाटली नसती.

सूचनेतील शेवटच्या वाक्याचा मला दुहेरी उपयोग झाला. संदेशाखालच्या डोळ्याच्या चिन्हाजवळचा आकडा भरवशाचा नव्हता, कारण पुढे पाठविलेल्या प्रतीही जेथे पाहिल्या जातात तेथील दर्शने त्यात मिसळतात. सदस्यसंख्येतील घट मात्र खरी पोच होती. ती १,२०० पर्यंत आली आणि तेथेच थांबली. उरलेल्यांत आवाज बंद करून ठेवलेले बरेच असावेत, म्हणून सूचना पुन्हा, पण या वेळी रविवारी सकाळी दिली. आकडा आणखी थोडा हलला.

वाट पाहण्याच्या या काळात संग्रह उतरवून घेतला. संगणकावरील आवृत्तीत Export chat history हा पर्याय आहे. त्यात फोटोंखेरीज इतर फाइल्स हव्या असल्यास त्यांवर खूण करावी लागते, शिवाय फाइलच्या आकाराची मर्यादाही वाढवावी लागते. आमच्या स्मरणिकांच्या जड पीडीएफ एरवी मागेच राहिल्या असत्या.

मग सदस्यांच्या यादीतून हाताने काढणे सुरू केले. आधी Deleted Account असे नाव दिसणारी निर्जीव खाती, मग फार पूर्वी दिसलेली. वरचे लोक काढत गेलो तसतसे खालचे पुढे येत गेले. काम कंटाळवाणे होते, पण संख्या हजाराखाली येताच पर्याय दिसू लागला.

तो दाबण्यापूर्वी एक गोष्ट करणे मला आवश्यक वाटले. वाचनालयाच्या फलकावर आणि जुन्या निमंत्रणपत्रिकांवर चॅनलचा क्यूआर छापलेला होता. चॅनल काढल्यावर तो पत्ता मोकळा होतो आणि दुसरा कोणीही तो घेऊ शकतो. म्हणून जुने चॅनल खाजगी केले, सुटलेला पत्ता लगेच एका नव्या, रिकाम्या चॅनलला दिला आणि त्यात व्हॉट्सॲपच्या दुव्याचा एकच संदेश ठेवला. खाजगी केल्याने जुने सदस्य जात नाहीत, त्यामुळे पिन केलेली सूचना त्यांना शेवटपर्यंत दिसत होती.

३१ मार्चच्या रात्री चॅनल काढले. सर्वांच्या यादीतून ते एकदम नाहीसे झाले. त्याला जोडलेला चर्चेचा गट वेगळा असल्याने तो तसाच राहिला, तो निराळा काढावा लागला. लोकांनी पूर्वी पुढे पाठविलेल्या प्रती मात्र त्यांच्या गटांत अजून आहेत. त्यांवर माझा काहीच इलाज चालत नाही.