खड्डा आठ मीटरचा, भेग दहा मीटरच्या आत

पूर्व नागपुरात, नाग नदीपासून फार लांब नसलेल्या एका प्लॉटवर दोन तळघरांसाठी खोदकाम चालू होतं. खोली आठ मीटर, कडेला पाइल्सची भिंत, तिला आधाराची एकच रांग. वर काळी माती, खाली पिवळसर घट्ट चिकणमाती, त्याखाली मुरूम. भिंतीपासून तीन मीटरवर विटांचं जुनं दुमजली घर होतं. खोदकामाच्या हालचाली मोजायचं काम माझ्याकडे होतं, डिझाइन दुसऱ्यांचं.

मे महिन्यातल्या त्या सकाळी खोदकाम साडेपाच मीटरवर होतं. घरमालक काका मला थेट आतल्या दाराशी घेऊन गेले. चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली भेग दाखवत म्हणाले, "मॅडम, मागच्या आठवड्यात ही नव्हती. चुना ताजा फुटला आहे, पाहा." खरंच, भेगेच्या कडा पांढऱ्या होत्या, धूळ बसलेली नव्हती.

साइट इंजिनिअरचं म्हणणं होतं की काळजीचं कारण नाही. डिझाइनच्या गणितात घराच्या पुढच्या भिंतीखाली 11 मिलिमीटर खचणं अपेक्षित होतं आणि लेव्हलिंगने 14 दाखवलं होतं. फरक फक्त 3 मिलिमीटरचा. पण मी मागच्या भिंतीजवळचा, दहा मीटरवरचा बिंदू पाहिला. गणितात तिथे 9 होते, मोजमापात 3. सोळा मीटरवर गणितात 7, प्रत्यक्षात लेव्हलला काहीच जाणवत नव्हतं. म्हणजे गणिताप्रमाणे अख्खं घर जवळपास सपाट खाली बसायला हवं होतं. प्रत्यक्षात सात मीटरच्या लांबीत 11 मिलिमीटरचा फरक पडला होता, साधारण 640 ला 1 असा उतार. विटांच्या जुन्या बांधकामात एवढ्यावर भेगा दिसू लागतात.

हे का झालं ते डिझाइनच्या फायलीत दिसलं. मातीची ताठरता सगळीकडे एकच धरली होती, लॅबच्या ट्रायअ‍ॅक्सियल चाचणीतून आलेला ताठरतेचा आकडा E, 20 मेगापास्कल. ही चाचणी नमुन्याला अर्धा-एक टक्का दाबून मोजते. शिवाय सरकणं बाहेरून मोजलं, तर नमुन्याच्या टोकाशी दाब देणारी टोपी नीट बसतानाची किंचित हालचालही मातीच्याच खात्यात जमा होते. खोदकामाभोवतीच्या बहुतेक मातीत मात्र स्ट्रेन, म्हणजे मूळ मापाच्या तुलनेत आकार बदलण्याचं प्रमाण, 0.1 टक्क्यापेक्षा कमी असतो, आणि तिथे माती कितीतरी ताठ असते.

किती ताठ, ते दुपारीच मोजलं. रस्त्याकडेला जिओफोनची रांग लावली, लोखंडी पाटीवर घण मारला आणि लाटांवरून चिकणमातीतला शिअर लाटेचा, म्हणजे माती आडवी हलवत जाणाऱ्या लाटेचा, वेग Vs काढला: सेकंदाला सुमारे 220 मीटर. या चाचणीतला स्ट्रेन इतका बारीक असतो की मातीची मूळ ताठरताच हाती येते. घनता ρ 1900 किलो प्रति घनमीटर धरली तर शिअरमधली ही मूळ ताठरता G₀ अशी निघते:

G₀ = ρVs² = 1900 × 220² ≈ 92 मेगापास्कल

लॅबच्या E वरून निघणारी शिअरची ताठरता G जेमतेम 8 होती. बारा पटींच्या आसपास फरक. स्ट्रेन वाढला की ताठरता घसरते. या मातीसाठी धरलेल्या त्या घसरणीच्या वक्रावर 0.01 टक्के स्ट्रेनला G सुमारे 73 राहतो, 0.1 टक्क्याला 26 आणि अर्ध्या टक्क्याला 7 च्या खाली. लॅबने वक्राचं शेवटचं टोक मोजलं होतं, आणि तेच सगळ्या जमिनीला लावलं होतं.

"मग E वाढवून टाकू," असं इंजिनिअरने सुचवलं. त्याने उपयोग झाला नसता. ताठरता सगळीकडे एकसारखी वाढवली की आकडे लहान होतात, खचण्याचा पसरट आकार जवळपास तसाच राहतो. भिंतीलगत स्ट्रेन मोठा, म्हणून माती मऊ पडते. लांब स्ट्रेन बारीक, म्हणून ती ताठच राहते. त्यामुळे सगळं खचणं भिंतीजवळ गोळा होतं, खळगा अरुंद आणि तीव्र उताराचा होतो. लांबच्या इमारतीला दिलासा मिळतो, जवळच्या घरावर मात्र तो उतार येतो.

काम थांबवलं. ताठरतेची ही घसरण धरणाऱ्या मॉडेलमध्ये पुन्हा गणित केलं, तेव्हा खळग्याचा आकार मोजमापाशी जुळला. उरलेल्या अडीच मीटरसाठी घराच्या बाजूला मातीचा बांध ठेवून टप्प्याटप्प्याने खोदायचं आणि आधाराची दुसरी रांग घालायची, असं ठरलं. बांध असतानाच ती रांग बसवली, मग बांध काढला. पुढच्या भिंतीखाली आणखी 2 मिलिमीटरची भर पडली आणि भेगेवर लावलेली काचेची पट्टी शाबूत राहिली.

एका गोष्टीसाठी मी आग्रह धरला. वेग मे महिन्यात मोजला होता. वरची माती तेव्हा कोरडी असते, आणि कोरड्या मातीत कणांमधल्या उरलेल्या पाण्याच्या ओढीमुळे G₀ वाढलेला दिसतो. पावसात ती ओढ जाते. म्हणून वरच्या दोन-तीन मीटरसाठी मोजलेला आकडा न घेता कमी धरला, आणि जुलैत पाऊस लागल्यावर घण-जिओफोनची चाचणी पुन्हा केली. वरच्या थरातला वेग उतरलेला होता, खालच्या पिवळ्या मातीतला जवळपास तोच.