आमची वाटचाल : युरोचं बिल आणि फरकाची डेबिट नोट

जळगाव एमआयडीसीत चटईचे कारखाने काही कमी नाहीत. त्यातलाच आमचा एक. प्लास्टिकचा दाणा वितळवून नळी काढायची, मागावर विणायची, काठ शिवायचे आणि गठ्ठे बांधायचे. वडिलांच्या काळात हा माल आठवडी बाजारांत आणि इंदूर-सुरतच्या व्यापाऱ्यांकडे जायचा. पुढे दुबईचा एक व्यापारी मिळाला. मोठ्या भावाने निर्यातीचा परवाना काढला आणि आमचे गठ्ठे न्हावा-शेवाला जायला लागले. तेव्हापासून निर्यातीचा हिशेब वहिनी पाहतात.

दुबईची बिलं डॉलरमध्ये असायची. रुपया वर्षानुवर्षं घसरत गेल्यामुळे पैसे उशिरा आले तर उलट चार पैसे जास्तच मिळायचे. उशिरा येणारा पैसा कमी भरू शकतो, हा विचार करायची वेळच आली नव्हती. नेदरलँड्समधला गिऱ्हाईक आला तेव्हा ती आली. बागेत आणि गच्चीवर अंथरायच्या रंगीत चटया त्याला हव्या होत्या. दर चांगला देत होता, पण बिल युरोतच हवं आणि मुदत बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या कागदाच्या तारखेपासून 90 दिवसांची. आमचा दाणा डॉलरच्या भावावर चालतो, मजुरी आणि वीज रुपयात जाते, आणि विक्री मात्र युरोत. ही ओढाताण वहिनींना आधी दिसली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दर रुपयात ठरवू. युरो फक्त बिलावर लिहू."

त्यातून करारात एक कलम आलं. बिलावर युरोतल्या रकमेखाली त्या दिवसाचा आधार दर छापायचा. पैसे आमच्या खात्यात जमा होतील त्या दिवशीचा दर आधार दरापासून दोन टक्क्यांहून जास्त हलला, तर दोन टक्क्यांपलीकडचा फरक ज्याच्या बाजूने फायदा झाला त्याने दुसऱ्याला द्यायचा. युरो पडला तर त्याने आम्हाला, चढला तर आम्ही त्याला. दोन्ही बाजूंनी लिहिलं म्हणूनच त्याने सही केली. फक्त आमचं नुकसान भरून द्या, असं एकतर्फी कलम कुठलाही खरेदीवाला पहिल्याच वाचनात खोडतो.

कलमात आणखी दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागल्या. पहिली, दर कुणाचा. बँकेचा दर प्रत्येक बँकेत वेगळा असतो आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. सीमाशुल्क खात्याचा दर शिपिंग बिलासाठी असतो, तो रोजचा बाजारभाव नव्हे. आम्ही एफबीआयएलचा, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाचा संदर्भ दर घेतला. पूर्वी रिझर्व्ह बँक हा दर जाहीर करायची, जुलै 2018 पासून ते काम या संस्थेकडे आहे. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी युरोचा एक दर निघतो, आणि तो ॲमस्टरडॅममध्ये बसूनही पाहता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. त्याने पैसे पाठवल्याची, मधल्या बँकेत पोचल्याची आणि आमच्या खात्यात पडल्याची, या तीन तारखा वेगळ्या असू शकतात. आम्ही शेवटची धरली, कारण तिचा कागद आमची बँक देते.

मग 2022 उजाडलं. फेब्रुवारीत युरो साधारण 85 रुपये होता. त्या महिन्यात आम्ही 40,000 युरोचं बिल केलं. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून इथे दर गोल आकड्यांत देतो. बिलाच्या दिवशी या मालाचे 34 लाख रुपये होत होते. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरो घसरायला लागला. मुदत मे महिन्यात संपली तेव्हा तो 81च्या आसपास होता. पैसे काही आले नाहीत. त्यांच्या गोदामात माल पडून होता, असं कारण कळवलं. जुलैच्या मध्याला पैसे आले तोवर युरो जवळजवळ डॉलरच्या बरोबरीला येऊन 80 रुपयांवर आला होता. म्हणजे 32 लाख. दोन लाख रुपये हवेत गेले.

घरी आबांना सांगितलं तर ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पैसा उना ना, मंग काय रडी राहिना?" त्यांच्या काळात उधारी वसूल होणं हाच नफा होता.

मागणी मात्र दोन लाखांची करता येत नव्हती. 85चे दोन टक्के म्हणजे 1 रुपया 70 पैसे. तेवढी घसरण आम्ही सोसायची, हे ठरलेलं. म्हणजे 83 रुपये 30 पैशांपर्यंत तोटा आमचा. तिथून 80 पर्यंत 3 रुपये 30 पैसे उरतात. त्याला 40,000 ने गुणलं की 1,32,000 रुपये. हे पैसे पुन्हा युरोत मागायचे, तर पैसे जमा झाल्याच्या दिवसाच्याच दराने भागायचं, 80 ने. रक्कम आली 1,650 युरो. कलमात "दोन टक्क्यांपलीकडचा फरक" असे शब्द नसते, नुसतं "दोन टक्क्यांहून जास्त बदल झाल्यास फरक द्यावा" एवढंच असतं, तर कुणी पूर्ण दोन लाखांचा, म्हणजे 2,500 युरोचा दावा केला असता आणि समोरच्याने 1,650 चा आग्रह धरला असता. दोघंही आपापल्या परीने बरोबर. 850 युरोंचं भांडण फक्त त्या एका शब्दावर झालं असतं.

आणखी एक फरक वेगळा काढावा लागला. बँकेने आम्हाला प्रत्यक्षात 80 ने नव्हे, थोड्या कमी दराने पैसे दिले आणि वाटेतल्या बँकेने वीसेक युरो कापले होते. पासबुकातला आकडा पाहिला तर तोटा दोन लाखांहून मोठा दिसतो. पण बँकेचा नफा आणि पाठवणुकीचा खर्च हा दरातला चढउतार नाही. तो मागणीत मिसळला की समोरच्याला संपूर्ण मागणीवरच शंका घ्यायला जागा मिळते. वहिनींनी तो वेगळ्या रकान्यात लिहिला आणि पुढे "आमच्याकडे" अशी नोंद केली.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. त्यात मैत्रीचे, अडचणींचे, युद्धाचे शब्द नव्हते. करारातल्या कलमाचा क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि तारीख, दोन्ही दिवसांचे संदर्भ दर, हिशेबाची चार ओळींची मांडणी आणि फरकाची रक्कम मागणारी डेबिट नोट. सोबत बँकेचा जमा झाल्याचा कागद आणि दोन्ही दिवसांच्या दरांच्या प्रती. खाली एक वाक्य होतं: या बिलावर आम्ही फॉरवर्ड करार केलेला नव्हता. हे वाक्य महत्त्वाचं आहे. बँकेकडे आधीच 85-86 चा दर बांधून घेतला असता तर युरो पडूनही आमचा तोटा झाला नसता, आणि मग तोच तोटा गिऱ्हाइकाकडे मागणं म्हणजे एकाच दुखण्याची दोनदा भरपाई.

फॉरवर्ड का केला नाही, असं पुष्कळ जण विचारतात. पैसे कधी येतील याची खात्री असेल तर तो चांगला. आमच्यासारख्याचा गिऱ्हाईक दोन महिने उशीर करतो, तेव्हा ठरलेल्या तारखेला युरो हातात नसतात. मग करार पुढे ढकला किंवा रद्द करा, आणि त्याचा खर्च वेगळा. शिवाय बँक त्यासाठी मर्यादा आणि मार्जिन अडकवते, आणि ती मर्यादा आम्हाला दाणा उचलायला लागते.

त्यांच्या खरेदीवाल्या बाईंचं पहिलं उत्तर अपेक्षितच होतं. बिल 40,000 चं होतं, आम्ही 40,000 दिले, तोटा कसला? त्यांच्या बाजूने पाहिलं तर युरो हा युरोच. आम्ही वाद घातला नाही. बिलाच्या प्रतीवर आधार दराच्या ओळीखाली रेघ मारून तीच पाठवली. मग प्रकरण त्यांच्या हिशेब खात्याकडे गेलं आणि तिथे एकच प्रश्न आला, की डेबिट नोटला स्वतंत्र क्रमांक आणि मूळ बिलाचा उल्लेख आहे का. होता. रक्कम पुढच्या बिलाच्या पैशांबरोबर आली, तीही उशिराबद्दल एक शब्द न लिहिता!

इथे बँकेने विचारलं, की बिलापेक्षा जास्त पैसे कसे? करारातलं कलम आणि डेबिट नोट दिली, विषय संपला. आमच्या सीएंनी ती डेबिट नोट मूळ निर्यात बिलाला जोडून जीएसटीच्या विवरणात दाखवली. मालाच्या किमतीचाच तो भाग आहे, हे त्यांचं म्हणणं.

त्या अनुभवानंतर कलमात एक ओळ वाढवली. मुदतीनंतर पैसे आले आणि युरो चढलेला असेल, तर त्याला द्यायचा फरक मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या दराने मोजायचा. नाहीतर चढत्या युरोत जितका उशीर तितकी सवलत, असं होईल आणि पैसे थांबवण्यातच त्याचा फायदा राहील.

ती ओळ घातली तेव्हा युरो चढेल असं कुणाच्या मनात नव्हतं. 2025 मध्ये तो चढला. फेब्रुवारीत 90 च्या आसपास होता तेव्हा 50,000 युरोचं बिल झालं, आणि जूनच्या सुरुवातीला मुदत संपताना दर 98 झाला होता. या वेळी पैसे वेळेवर आले. दोन टक्के म्हणजे 1 रुपया 80 पैसे आमचे, उरलेल्या 6 रुपये 20 पैशांचे 3,10,000 रुपये त्याचे. 98 ने भागून साधारण 3,163 युरो. मोठा भाऊ दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "त्याने मागितलेत का? मग आपण कशाला आठवण करून द्यायची?" वहिनींनी मात्र क्रेडिट नोट तयार करूनच ठेवली होती.

देणं हे घेण्यापेक्षा किचकट निघालं. त्याने ती रक्कम पुढच्या बिलातून कापून पैसे पाठवले, म्हणजे बँकेच्या नोंदीत त्या बिलाचे पैसे अपुरे आले. रक्कम कमी करून घ्यायला बँकेकडे अर्ज, क्रेडिट नोट, कलमाची प्रत द्यावी लागली, आणि तेवढ्या रकमेपुरता मिळालेला ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवरचा सरकारी शुल्क-परतावाही परत करावा लागला. हा खर्च कलमात धरलेला नव्हता. नव्या करारात तो ज्याला फरक मिळतो त्याच्या माथी टाकला आहे. त्याने बदल्यात दोन टक्क्यांचे तीन करून मागितले, आम्ही मुदत 90 वरून 60 दिवसांवर आणून घेतली.