मार्केट यार्डातली दोन जुळी वायफाय

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात असताना आमच्याकडं तक्रार आली, की अडत दुकानात नेट येतंय पण मागच्या गोदामात मोबाईल हातात धरला की गायब. मी घरोघरी, दुकानोदुकानी फायबर आणि राउटर बसवायचं काम करतो. गोदामासाठी तिथं दुसरा राउटर आहे हे मला माहीत होतं. तो दुकानाचे मालक अण्णा यांच्या भाच्यानं मोबाईलवरूनच सेट केला होता.

अण्णांनी फोन माझ्यापुढं धरला. "एकाच नावाची दोन दावतंय बघा. कुठल्यावर बोट ठेवायचं?"

यादीत `Halad_Office` दोनदा होतं. शेजारी उभे असलेले दिवाणजी लगेच म्हणाले, "अहो, एक साधं आणि एक फाईव्ह जी." हे उत्तर मला निम्म्या गावातून ऐकायला मिळतं. पण राउटरच्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव, एकच सुरक्षा आणि एकच पासवर्ड दिला असेल तर आताचे बहुतेक फोन त्यांची एकच ओळ दाखवतात आणि कुठला बँड पकडायचा ते स्वतः ठरवतात. एका नावाचे चार राउटर असले तरी ओळ एकच. दोन ओळी दिसल्या, म्हणजे फोनच्या मते ती दोन वेगळी नेटवर्क आहेत.

वेगळेपण बहुतेक वेळा सुरक्षेत असतं. एकाला कुलुपाचं चिन्ह आणि दुसरं उघडं असेल तर फोन त्यांना कधीच एकत्र करत नाही. एकावर WPA2 आणि दुसऱ्यावर फक्त WPA3 असलं तर काही जुने फोन त्यांच्याही दोन ओळी करतात. इथं मात्र दोन्हींना कुलूप होतं आणि दोन्हींच्या तपशिलात WPA2 लिहिलं होतं. मग राहता राहिलं नाव.

नाव तर डोळ्यांना अगदी सारखं दिसत होतं. दिवाणजींच्या फोनमध्ये दोन्ही नेटवर्क सेव्ह होती, म्हणून मी एकेकाचं शेअर करायचं क्यूआर काढलं आणि आतला मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या अॅपनं वाचलं. (त्यात पासवर्डही उघडा दिसतो, त्यामुळं हा उद्योग दुकानभर लोक असताना करू नये. आम्ही आत जाऊन केला.) पासवर्ड वगळून ते असं होतं:

```
WIFI:T:WPA;S:Halad_Office;P:...;;
WIFI:T:WPA;S:Halad_Office ;P:...;;
```

दुसऱ्या ओळीत `Office` आणि अर्धविराम यांच्यामध्ये एक मोकळी जागा आहे. नेटवर्कच्या नावात 32 बाइटपर्यंत काहीही बसतं, स्पेससुद्धा. माणसाला ती दिसत नाही, फोन ती अक्षरासारखीच मोजतो. मोबाईलच्या कीबोर्डवर वर सुचवलेला शब्द निवडला, की पुष्कळदा त्यापुढं स्पेस आपोआप पडते. भाच्यानं नाव तसंच भरलं असणार. पोराचा काय दोष, राउटरच्या पानानंही हूं की चूं केलं नाही.

आता गोदामातलं कोडं सुटलं. वजन टिपणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये फक्त दुकानाचं नाव सेव्ह होतं. गोदामात शिरल्यावर फोन त्याच मरतुकड्या सिग्नलला लोंबकळत राहायचा. डोक्यावरचा राउटर त्याच्या लेखी परका.

गोदामाच्या राउटरचं पान लॅपटॉपवर उघडलं, नावाच्या चौकटीत End दाबलं. कर्सर शेवटच्या e ला चिकटायच्या ऐवजी एक घर पुढं जाऊन थांबला. बॅकस्पेस एकदा, मग सेव्ह. सुरक्षा आणि पासवर्ड दोन्हीकडं तंतोतंत एकच आहेत हेही पाहून घेतलं, कारण पासवर्ड वेगळा राहिला तर ओळ एक दिसते आणि गोदामात गेल्यावर फोन जोडलाच जात नाही. ते दुखणं शोधायला जास्त अवघड. थोड्या वेळानं यादी पुन्हा काढली, तर एकच `Halad_Office`.

"आणि पुन्हा दोन दिसली तर?" अण्णांनी विचारलं.

म्हटलं, "अण्णा, ज्याच्याखाली सेव्ह केलेलं असं लिहिलंय आणि कुलूप आहे तेच घ्या. दोन्हींना कुलूप असलं तर पासवर्ड टाकायच्या आधी मला फोन करा. आणि बिनकुलुपाचं दिसलं, वर ते एखादं पान उघडून वायफायचा पासवर्ड मागायला लागलं, तर तिथं काही टाईप करू नका. आपलं नाव कुणीही आपल्या राउटरला देऊ शकतं."

मी हत्यारं आवरतोय तोवर दिवाणजी गोदामातून ओरडले, कॅमेरा बंद पडलाय. बरोबरच होतं, तो त्या स्पेसवाल्या नावावर जोडलेला होता. शिडी मागवली, कॅमेरा रिसेट करून नव्या नावावर घेतला आणि मग लेबल छापायच्या प्रिंटरकडं वळलो.