माफीचा मसुदा

रविवार, रात्री

विश्रामबागेतील आमच्या सोसायटीचे सचिव अण्णा आज दुपारी माफीचा मजकूर दाखवायला आले. सकाळी भावासाठी लिहिलेला त्यांचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता: "तिसऱ्या मजल्यावरच्यांना लग्नात थाटमाट करायला पैसे आहेत, मेंटेनन्स भरायला मात्र नाहीत."

तो पुसला गेला, अशी अण्णांची समजूत होती. प्रत्यक्षात घाईत Delete for me दाबले गेल्यामुळे तो केवळ त्यांच्याच फोनवरून नाहीसा झाला होता आणि बाकीचे तो निवांत वाचत होते. अ‍ॅडमिन या नात्याने मी तो सर्वांसाठी काढला. परंतु एकाने त्यालाच जोडून हसरे चिन्ह टाकले होते आणि त्या उत्तरात मूळ वाक्य तसेच दिसत होते, म्हणून तेही काढावे लागले. शिवाय अ‍ॅडमिनने मेसेज काढल्याची नोंद ग्रुपवर उमटल्याने, ज्यांनी काही पाहिलेच नव्हते तेही चौकशी करू लागले. म्हणजे गप्प बसण्याची सोय उरली नव्हती.

अण्णांचा मसुदा एका ओळीचा होता: "चुकून मेसेज आला, कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व." कोण दुखावले हे साऱ्या इमारतीला ठाऊक असताना "असल्यास" कशाला? आणि खेद कसला, तर मेसेज भलतीकडे गेल्याचा. भावाला गेला असता तर जणू काहीच बिघडले नसते. माझ्या मते खरा दोष आणखी पुढचा होता: कोणाची किती थकबाकी आहे हे अण्णांना सचिव म्हणून कळते आणि तेच त्यांनी घरगुती गप्पांत वापरले. त्या कुटुंबाने बाथरूमच्या गळतीची तक्रार सुटेपर्यंत पैसे रोखले आहेत, हा खुलासा अण्णांना घालायचा होता; तो मी काढायला लावला, कारण त्याने पुन्हा त्यांचाच हिशेब चव्हाट्यावर आला असता.

आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन या, मग लिहू, असे मी म्हटले. अर्ध्या तासाने ते परतले तेव्हा चेहरा उतरला होता. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. मग हे ठरले:

"आज सकाळी माझ्याकडून या ग्रुपवर एका कुटुंबाविषयी मजकूर आला. तो इथे चुकून आला, परंतु तसे लिहिणेच अयोग्य होते. सचिव म्हणून मिळालेली माहिती अशी बोलून दाखवण्याचा मला अधिकार नाही. त्या कुटुंबाची समक्ष माफी मागितली आहे. आपणा सर्वांचीही मागतो. कोणाकडे तो मजकूर असल्यास कृपया पुढे पाठवू नये."

"आता ग्रुप बंद ठेवा, फक्त अ‍ॅडमिनच लिहितील असे करा," अण्णा म्हणाले. मी नकार दिला; ज्यांना बोल लागला त्यांचेच तोंड बंद करणे मला पटेना. पंधरा-वीस नमस्कारांची चिन्हे आली आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिले, "ठीक आहे. गळतीसाठी प्लंबर कधी येणार ते कळवावे."

अण्णांनी लगेच उद्याची वेळ कळवली.