फॉर्म्युला शीटमधला तिसरा रकाना

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेआधी ठाण्यातल्या आमच्या क्लासमध्ये मी मुलांकडून फिजिक्सची एकपानी फॉर्म्युला शीट बनवून घेतो. तयार शीट मी वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये सूत्रं खच्चून भरलेली असतात, पण कुठलं सूत्र कधी लावायचं आणि आकडे कुठल्या एककात घालायचे, याचा पत्ता नसतो. यंदा शीट तपासताना थर्मोडायनॅमिक्सच्या चौकटीत एक उणे चिन्ह सापडलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आधी शीटची बांधणी सांगतो. ए-फोर कागद आडवा धरायचा, एकच बाजू वापरायची. प्रत्येक ओळीत तीन रकाने: सूत्र, एककं आणि ‘कधी’. अभ्यासक्रमात सोळा धडे आहेत, पण शीटवर सोळा चौकटी करायच्या नाहीत. वायूंचा गतिज सिद्धांत तिसऱ्या धड्यात आणि थर्मोडायनॅमिक्स चौथ्यात असलं, तरी PV = nRT दोन्हीकडे लागतं, म्हणून दोन्हींची चौकट एकच. एका ओळीच्या गणितात दुसऱ्या सूत्रातून निघणारं सूत्र काढून टाकायचं. ऑसिलेशन्समध्ये v = ω√(A² − x²) ठेवलं की कमाल वेगासाठी Aω वेगळं लिहायची गरज उरत नाही; ‘कधी’च्या रकान्यात ‘x = 0 ला v कमाल’ एवढं पुरतं. अशी छाटणी केली नाही तर एका पानाची तीन पानं होतात, आणि तीन पानी शीट परीक्षेच्या सकाळी कुणी उघडत नाही.

मुलं कंटाळा करतात तो तिसऱ्याच रकान्याचा. उभ्या वर्तुळातल्या गतीचं √(5rg) जवळजवळ सगळे लिहितात. समोर ‘दोरी, सर्वात खालचा बिंदू, जेमतेम फेरी पूर्ण’ असं लिहिणारे थोडे. r = 0.5 मीटर आणि g = 9.8 घेतलं, तर दोरीला बांधलेल्या गोळ्याला खालच्या बिंदूशी किमान 4.95 मीटर प्रति सेकंद वेग लागतो. दोरीच्या जागी वजनरहित दांडा असेल तर सूत्र 2√(rg) होतं आणि वेग 4.43 येतो. दोरी फक्त खेचू शकते, त्यामुळे वरच्या बिंदूवर गोळ्याकडे वेग असावाच लागतो. दांडा गोळ्याला खालून आधारही देतो, म्हणून तिथे वेग शून्य झाला तरी चालतं. प्रश्नात ‘रॉड’ हा एकच शब्द बदललेला असतो, आणि ‘कधी’चा रकाना नसेल तर तो शब्द नजरेतून निसटतो.

आता ते उणे चिन्ह. एका मुलीने आयसोथर्मल प्रक्रियेसाठी W = −2.303 nRT log₁₀(V₂/V₁) असं लिहिलं होतं. मुलगी अभ्यासू, अक्षर स्वच्छ, एककंही बिनचूक: n मोलमध्ये, T केल्विनमध्ये, W जूलमध्ये. मी ते चिन्ह खोडायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “सर, केमिस्ट्रीच्या पुस्तकात असंच आहे.” आणि तिचं खरं होतं.

केमिस्ट्रीत W म्हणजे वायूवर केलेलं काम, आणि पहिला नियम ΔU = Q + W असा लिहितात. फिजिक्सच्या पुस्तकात W म्हणजे वायूने केलेलं काम, आणि नियम ΔU = Q − W. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकीकडचं सूत्र दुसरीकडच्या नियमात घातल्यावर. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच मजल्यावर शिकवतात, पण हा फरक मुलांना कुणी शेजारी शेजारी मांडून दाखवत नाही, याचा मला राग येतो.

तिला गणित घालून दिलं. 2 मोल आदर्श वायू, तापमान 300 केल्विन, आकारमान सावकाश दुप्पट होतं. फिजिक्सच्या पद्धतीने W = 2.303 × 2 × 8.314 × 300 × 0.3010, म्हणजे सुमारे 3458 जूल. तापमान स्थिर असल्याने ΔU शून्य, म्हणून Q = W = +3458 जूल; वायूने तेवढी उष्णता आत घेतली. उणे चिन्हाचं सूत्र घेऊन पुढे फिजिक्सचा नियम लावला, तर Q = −3458 येतं. म्हणजे वायू फुगतोय, काम करतोय, वर उष्णताही बाहेर टाकतोय, आणि तरी तापमान तेवढंच! हे होऊच शकत नाही. आकडा बरोबर असल्यामुळे ही चूक पकडणं अवघड जातं.

इतर चुका निदान आकड्यावरून कळतात. 2.303 विसरून लॉग टेबलमधला 0.3010 तसाच वापरला की उत्तर सुमारे 1502 जूल येतं. 27 अंश सेल्सिअस तसेच ठेवले की 311 जूल, खऱ्या उत्तराच्या अकराव्या हिश्श्याच्या आसपास. V₂/V₁ हे गुणोत्तर असल्याने आकारमानं लिटरमध्ये ठेवली तरी बिघडत नाही, पण P∆V मध्ये पास्कल आणि घनमीटरच लागतात. हेसुद्धा एककांच्या रकान्यात यायला हवं.

मग त्या चौकटीच्या डोक्यावर, सूत्रांच्याही आधी, आम्ही एक ओळ टाकली: ‘W = वायूने केलेलं काम; ΔU = Q − W; वायू फुगला तर W धन.’ ‘कधी’च्या रकान्यात तिने ‘T स्थिर’ लिहिलं होतं. तेही पुरेसं नाही. फ्री एक्स्पान्शनमध्ये आदर्श वायू निर्वातात पसरतो, तेव्हाही सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान सारखंच असतं, पण बाहेरून दाबच नसल्यामुळे W शून्य. म्हणून अट अशी झाली: ‘आदर्श वायू, T स्थिर, प्रक्रिया सावकाश’. अ‍ॅडियाबॅटिकच्या PVᵞ = स्थिर या ओळीलाही ‘सावकाश’ हवंच; फक्त ‘Q = 0’ लिहिलं तर फ्री एक्स्पान्शन तिथेही घुसतं.

केमिस्ट्रीची उलटी ओळ फिजिक्सच्या शीटवर द्यावी का, यावर माझं आणि आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमचं एकमत झालेलं नाही. त्यांचं म्हणणं, दोन्ही ओळी समोर असल्या तरच फरक लक्षात राहतो. मला वाटतं, घाईत मूल जवळची ओळ उचलतं, मग ती कुठलीही असो. सध्या ती ओळ कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहायला सांगितली आहे.

शेवटचा घोळ झेरॉक्सचा. मुलं मूळ कागद जपून ठेवतात आणि झेरॉक्सचीच झेरॉक्स काढत सुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत बारीक रेघा उडतात, आणि सगळ्यात आधी जातात ती उणे चिन्हं. प्लँकच्या स्थिरांकातलं 10⁻³⁴ मग 10³⁴ दिसायला लागतं. म्हणून घातांक आणि खालचे अंक काळ्या जेल पेनने, जरा मोठेच काढायला सांगतो. निळं बॉलपेन फिकट उमटतं. प्रत काढायची ती मूळ कागदावरूनच, आणि काढल्यावर आधी घातांकांची उणे चिन्हं मुळाशी ताडून घ्यायची.